पाच जणांचा प्रोजेक्ट अन् दोघांचं काम: वाटणी, करारनामा आणि हिशोबाची वही

आमच्या फायनल इयरच्या ग्रुपमध्ये मी एकदा गंमत केली होती. पाच चिठ्ठ्या वाटल्या अन् सांगितलं की आतापर्यंत झालेल्या कामातलं किती टक्के काम तू केलं ते लिही, नाव टाकू नको. आकडे आले ३५, ३०, २५, २७ आणि २०. बेरीज १३७. म्हणजे शंभर टक्के प्रोजेक्टमध्ये आम्ही पाच जणांनी मिळून १३७ टक्के काम केलं होतं, अन् प्रोजेक्ट अजून अर्धा पण झाला नव्हता!

याच्यात कोणी खोटं बोललं नव्हतं बरं का. १९७९ मध्ये रॉस आणि सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी नवराबायकोंना घरच्या कामातला आपापला वाटा विचारला होता, तिथंही बेरीज शंभरच्या वर गेली. कारण साधं आहे, आपण स्वतः केलेलं काम आपल्याला बारीकसारीक आठवते अन् दुसऱ्यानं केलेलं आपल्याला दिसलेलंच नसते. म्हणून सेमच्या शेवटी आठवणीवरून "कोणी किती केलं" हे ठरवायला बसलं की भांडण ठरलेलंच. ते आधी लिहून ठेवावं लागते अन् चालू असताना नोंदवावं लागते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी आता तासिका तत्त्वावर शिकवतो, यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात, अन् दरवर्षी सात-आठ ग्रुप माझ्याकडे येतात. खाली जी पद्धत सांगतो ती एका ग्रुपवर पूर्ण चालवून दाखवतो म्हणजे कळेल. ग्रुप पाच जणांचा. आमच्याकडे नावापेक्षा गावानंच हाक मारतात तर तसंच लिहितो: दारव्हेवाला, नेरवाला, दिग्रसवाली, घाटंजीवाली आणि आर्णीवाला. प्रोजेक्ट म्हणजे मातीतला ओलावा मोजून ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप चालू-बंद करणं, आर्णीवाल्याच्या घरच्या दहा गुंठे वांग्यावर. आठवं सेम, जानेवारी ते एप्रिल, चौदा आठवडे. त्यातला एक आठवडा टेस्टमध्ये जातो अन् शेवटचा सबमिशनच्या धावपळीत, म्हणून कामाचे धरायचे बारा.

पहिले तास मोजा, कामं नंतर

बहुतेक ग्रुप पहिल्याच दिवशी "तू कोडिंग कर, तू रिपोर्ट कर" असं वाटून मोकळे होतात. इथंच गडबड होते. कारण पाच कामं पाच जणांना दिली म्हणजे समान वाटणी झाली असं नसते, कोड म्हणजे ऐंशी तास अन् पीपीटी म्हणजे सहा तास.

त्याच्याऐवजी पहिल्या मिटिंगमध्ये फक्त एकच गोष्ट विचारा, प्रत्येकानं खरं सांगायचं की आठवड्याला तू किती तास देऊ शकतो. इथं खरं सांगायला लाज वाटते लोकांना, सगळेच म्हणतात "देऊ ना बे, पाहिजे तेवढे देऊ". ते ऐकू नका. आठवड्याचा कागद काढा, सोमवार ते रविवार, अन् त्यात लेक्चर, एसटीचा प्रवास, घरचं काम, पार्ट टाइम नोकरी भरा. मग जे उरते ते दिसते. या ग्रुपमध्ये दारव्हेवाला गावातच रूम करून राहायचा, त्याचे निघाले १०. नेरवाला, दिग्रसवाली, घाटंजीवाली यांचे ८-८. आर्णीवाला पेट्रोल पंपावर ड्युटी करायचा अन् घरी शेती, त्याचे ६. बेरीज आठवड्याला ४०, बारा आठवड्यांचे ४८०.

हे ४८० पूर्ण धरायचे नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी लग्नं असतात, लाईट जाते, ऑर्डर केलेला सेन्सर यायला दहा दिवस लागतात अन् आला की एक खराब निघतो. मी पाव भाग सरळ कापतो. उरले ३६०. म्हणजे दारव्हेवाल्याचे ९०, तिघांचे ७२-७२ अन् आर्णीवाल्याचे ५४. हा प्रत्येकाचा वायदा. पुढचा सगळा हिशोब याच्याशी लावायचा, एकमेकांशी नाही, ही गोष्ट आत्ताच डोक्यात ठेवा कारण शेवटी मार्कांच्या वेळी हीच कामात येते.

आता कामाचे तुकडे पाडा

तुकडा असा पाडायचा की तो झाला की नाही हे बाहेरच्या माणसाला पाहून कळलं पाहिजे. "हार्डवेअर" हा तुकडा नाही. "तीन सेन्सर कोरड्या अन् ओल्या मातीत कॅलिब्रेट करून आकड्यांचा तक्ता" हा तुकडा आहे. "शेतात लावणं" हा नाही, "वांग्याच्या दोन सरीत सिस्टिम लावून रोजचं रीडिंग वीस दिवस" हा आहे.

किती तास लागतील ते कोणी एकानं ठरवू नका. प्रत्येक तुकड्यासाठी पाचही जणांनी चिठ्ठीवर आकडा लिहायचा अन् एकदम उघडायचा. कॅलिब्रेशनला दारव्हेवाल्यानं ६ लिहिलं, नेरवाल्यानं ३०. असा फरक आला की थांबायचं अन् दोघांना विचारायचं की तुझ्या डोक्यात काय आहे. दारव्हेवाल्याच्या डोक्यात होतं की सेन्सर एकदा कोरड्या मातीत घालायचा, एकदा पाण्यात, झालं. नेरवाल्यानं सांगितलं की आपली काळी माती वाळली की तिला भेगा पडतात, सेन्सरच्या बाजूनं हवा राहते अन् रीडिंग चुकते, त्यामुळे पाच-सहा वेगवेगळ्या ओलाव्याचे नमुने करावे लागतील, प्रत्येक नमुना तोलून, भट्टीत १०५ डिग्रीला २४ तास वाळवून परत तोलायचा, तेव्हा खरा ओलावा निघेल. ऐकल्यावर सगळे २६ वर आले. चिठ्ठ्यांचा खरा फायदा हाच आहे, आकडा बरोबर येतो म्हणून नाही तर लपलेलं काम आधीच बाहेर येते म्हणून.

एक बारीक गोष्ट: तास म्हणजे हात चालले ते तास. माती भट्टीत २४ तास वाळत होती तर ते २४ तास भट्टीचे, तुझे नाहीत. तुझा तोलण्याचा अर्धा तास. हे आधी बोलून घ्या, नाही तर कोणी तरी लिहिणारच.

आमची बेरीज अशी बसली: बनवण्याचं काम २९० तास, रिपोर्ट लिहिण्याचं ७०. अन् इथं मी गाईड म्हणून एक नियम घालतोच, लिहिण्याचे ७० तास पाच जणांत सारखे, प्रत्येकी १४, प्रत्येकानं आपल्याच कामाचा चॅप्टर लिहायचा. कारण काय होते, ग्रुपमध्ये पोरी असल्या की रिपोर्ट अन् पीपीटी आपोआप त्यांच्याकडे जाते, "तुमचं अक्षर चांगलं आहे" म्हणून. अबे, कॉम्प्युटरवर टाईप होते तिथं अक्षराचा काय संबंध? मग वायवाला एक्स्टर्नल सर्किटवर बोट ठेवून विचारते अन् पोरीला सांगता येत नाही कारण तिला कोणी हात लावू दिला नव्हता, अन् पोट्ट्यांना निष्कर्ष विचारला की ते तिच्याकडे पाहतात.

तर वाटणी झाली अशी. दारव्हेवाला: कंट्रोलरचा कोड, ७६. नेरवाला: सर्किट आणि कॅलिब्रेशन, ५८. दिग्रसवाली: मोबाईलवर रीडिंग दाखवणारं पान, ५८. घाटंजीवाली: सगळं एकत्र जोडून टेस्टिंग, सामानाची खरेदी अन् रिपोर्टची शेवटची जुळवाजुळव, ५८. आर्णीवाला: शेतातली बसवणी आणि रीडिंग, ४०. प्रत्येकात ते १४ मिळवले की वायदा बरोबर जुळतो.

अजून एक. प्रत्येक तुकड्याला एक मालक अन् एक जोडीदार. मालक काम करतो, जोडीदारानं ते निदान चालवून दाखवता येईल इतकं शिकून घ्यायचं. दोन मालक एका तुकड्याला देऊ नका, दोन घरचा पाहुणा उपाशी.

करारनामा: एक पान, जास्त नाही

करारनामा म्हटलं की पोरं घाबरतात किंवा हसतात. इंटरनेटवरून चार पानांचा नमुना उतरवतात, त्यात "आम्ही एकमेकांचा आदर करू" वगैरे असते. आदर करालच, ते लिहून काय होणार. जे भांडणाच्या वेळी उघडून पाहता येईल तेवढंच लिहा. आमच्याकडचा असा होता, भाषा पण तशीच ठेवली:

*आमचे तास: आठवड्याला दारव्हा १०, नेर ८, दिग्रस ८, घाटंजी ८, आर्णी ६. तास बदलायचे असतील तर आधी सांगणार, नंतर नाही.*

*मिटिंग मंगळवारी ३ ते ४, लायब्ररीच्या मागच्या खोलीत. ४ नंतर कोणताच निर्णय होणार नाही, कारण दिग्रस अन् घाटंजीची गाडी असते. जो निर्णय मिटिंगमध्ये झाला नाही तो व्हॉट्सॲपवर रात्री ११ वाजता होणार नाही.*

*काम "झालं" म्हणजे जोडीदारानं चालवून पाहिलं अन् वहीत सही केली.*

*नोंद काम केल्यापासून ३ दिवसांत. त्यानंतर लिहिलेले तास धरणार नाही.*

*सामानाचा खर्च पाच जणांत सारखा. पैसे, लॅपटॉप, गाडी किंवा शेत दिलं म्हणून कामाचे तास मिळणार नाहीत.*

*काम अडलं तर ज्याचं अडलं त्यानं २ दिवसांत ग्रुपमध्ये सांगायचं. सांगितलं तर चूक धरणार नाही, लपवलं तर धरणार.*

*कोणी दोन आठवडे नोंद केली नाही तर: पहिले मालकाला एकट्याला विचारणार, मग पाचही बसणार, मग वहीचं पान घेऊन गाईडकडे. हे सगळं दहाव्या आठवड्याच्या आत.*

खाली पाच सह्या, गाईडची सही, तारीख. सहाव्या आठवड्यात परत वाचून दुरुस्त करायचा.

यातल्या दोन ओळींवर थोडं बोलतो. चार वाजताची ओळ पहा, ती लिहिली नव्हती त्या वर्षी एका ग्रुपमध्ये सगळे निर्णय संध्याकाळी सात वाजता चहाच्या टपरीवर व्हायचे, गावात राहणारे तीन पोट्टे ठरवायचे अन् बाहेरगावच्या दोघींना दुसऱ्या दिवशी कळायचं की प्रोजेक्टचा विषयच बदलला. मग त्यांनीच शेवटी ऐकलं की "तुमचं काही काँट्रिब्युशनच नाही". दुसरी, पैशांची ओळ. प्रत्येक बॅचला एक तरी असतो जो म्हणतो सामान मी आणलं, पेट्रोल माझं, मग काम तुम्ही करा. पैशांचा हिशोब पैशांनीच फेडा, पावत्यांचा फोटो टाका अन् पाचानं भागा. (तालुक्याच्या बाहेर जाऊन दुकानातून तयार प्रोजेक्ट विकत आणणाऱ्यांसाठी हा लेख नाही, त्यांना वाटायला कामच नसते.)

वही

नोंद कुठं करायची हा प्रश्न लोक उगाच मोठा करतात. ज्याच्या गावात नेट बरं आहे त्यांनी गूगल फॉर्म बनवावा, तो शीटला जोडला की उत्तरं आपोआप तिथं जमा होतात अन् प्रत्येक उत्तराला वेळेचा शिक्का लागतो, म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री बसून तीन महिन्यांच्या नोंदी पाडल्या तर लगेच दिसते. नेट नसेल तर दोनशे पानी रजिस्टर, जे मंगळवारच्या मिटिंगला येते. आमच्या ग्रुपनं दोन्ही केलं, आर्णीवाला शेतात कागदावर लिहायचा अन् फोटो टाकायचा.

रकाने सहा: तारीख, कोण, काय केलं, किती तास, पुरावा, कुठं अडलं. सगळा खेळ तिसऱ्या अन् पाचव्या रकान्याचा आहे. नेरवाल्याची पहिल्या आठवड्यातली नोंद होती: "सेन्सरवर काम केलं, ५ तास". पुरावा रिकामा. याच्यावरून काहीच कळत नाही, ना त्यानं काम केलं हे ना नाही केलं हे. मी परत लिहायला लावली: "सेन्सर २ आणि ३, कोरड्या मातीत रीडिंग २९०० च्या आसपास, पाणी घातल्यावर १२५०. सेन्सर ३ हलवला की आकडा १०० नं उडतो, वायर ढिली वाटते. ३ तास." पुरावा: वहीच्या पानाचा फोटो, शीटमधला तक्ता. तास पाचचे तीन झाले ते पहा, लिहायला बसल्यावर त्यालाच कळलं की दोन तास सामान शोधण्यात अन् गप्पांत गेले. त्याचं काम कमी नाही झालं, उलट आता ते दिसायला लागलं.

फुगवलेले तास कसे पकडायचे? पोलिसगिरी करू नका. मंगळवारी मिटिंगच्या पहिल्या दहा मिनिटांत कोणत्याही दोन नोंदी उचला अन् म्हणा "दाखव". दाखवता आलं तर ठीक, नाही आलं तर तास खोडा. दोन आठवड्यांत सगळे सरळ होतात. अन् खरं सांगू, तास हे फक्त ओझं बरोबर वाटलं का ते पाहायला आहेत. एकानं चार तासांत केलं ते दुसऱ्याला दहा लागतात, म्हणून दहावाल्यानं जास्त काम केलं असं होत नाही. शेवटी बोलतो तो तुकडा, झाला का नाही.

गिटचे आकडे फसवतात

कोड असेल तर पोरं म्हणतात, सर गिटमध्ये सगळं आहे, वहीची गरज काय. टर्मिनलमध्ये हे मारलं की कोणाच्या नावावर किती कमिट ते येते:

```
git shortlog -sn
```

चौथ्या आठवड्यात आमच्या ग्रुपचं पाहिलं तर एकच नाव, दारव्हेवाल्याचं. दिग्रसवालीचा एक पण कमिट नाही. तो खूश, ती रडायला आलेली. मग कळलं की तिचा लॅपटॉप बंद पडला होता अन् ती लॅबमध्ये त्याच्याच लॅपटॉपवर बसून काम करायची, तर गिट ज्याचं नाव लॅपटॉपमध्ये सेट आहे त्याचंच नाव लावते. बोटं कोणाची चालली हे गिटला कसं कळणार. इकडं पाच जणांत दोन लॅपटॉप असतात तिथं हे होणारच. इलाज सोपा आहे, दुसऱ्याच्या मशिनवर कमिट करताना आपलं नाव द्यायचं:

```
git commit --author="Digras <digras@example.com>" -m "रीडिंगचं पान"
```

अन् दोघं मिळून बसले असतील तर कमिट मेसेजच्या शेवटी, एक ओळ रिकामी सोडून, हे लिहायचं:

```
Co-authored-by: Digras <digras@example.com>
```

साधं `shortlog` ही ओळ मोजत नाही, ते मोजायला जरा लांब कमांड लागते, अन् गिट २.२९ किंवा त्याच्या पुढचं पाहिजे:

```
git shortlog -sn --group=author --group=trailer:co-authored-by
```

तरी आकड्यावर मार्क देऊ नका. दारव्हेवाल्यानं एकदा तयार कोडच्या लायब्ररीचं पूर्ण फोल्डर उचलून टाकलं, हजारो ओळी एका कमिटमध्ये त्याच्या नावावर, त्यातली एक पण त्याची नाही. दुसरीकडे नेरवाल्यानं एक दिवस घालवून कोडमधला एक आकडा बदलला, कोणत्या रीडिंगला व्हॉल्व्ह उघडायचा तो. गिटमध्ये एक ओळ. पण तो आकडा भट्टीतल्या मातीतून आला होता अन् सगळी सिस्टिम त्याच्यावर चालत होती. कमिटचा नंबर वहीच्या पुराव्याच्या रकान्यात लिहायचा, एवढाच त्याचा उपयोग.

गूगल डॉकमध्ये रिपोर्ट लिहित असाल तर तिथंही तेच, व्हर्जन हिस्ट्रीत दिसते कोणी काय टाकलं, पण एकानं मोबाईलवर लिहून व्हॉट्सॲपवर पाठवलं अन् दुसऱ्यानं पेस्ट केलं तर नाव पेस्ट करणाऱ्याचं येते.

कोणी गायब झालं तर

पाचव्या अन् सहाव्या आठवड्यात आर्णीवाल्याची एक पण नोंद नाही. शेतातलं रीडिंग नाही म्हणून नेरवाल्याचं काम अडलं, त्याच्यामुळे कोड अडला. ग्रुपवर कुजबुज सुरू, "तो तर आधीपासूनच कमी तासांचा आहे, त्याला फुकटचे मार्क पाहिजे".

करारात होतं तसं नेरवाल्यानं त्याला एकट्याला मेसेज टाकला, ग्रुपवर नाही. मेसेज असा: "काऊन बे, दोन हप्ते झाले वहीत तुही नोंद नाही. काही अडलं काय? रविवारपर्यंत सांग, नाही तर मंगळवारी पाचही बसू." एवढंच. यात शिवी नाही, टोमणा नाही, तारीख आहे. उत्तर आलं: "अबे या हप्त्यात शेतातली लाईट रात्रीची आहे, रातभर गव्हाले पाणी देऊन राहिलो अन् सकाळी पंपावर ड्युटी. मले वाटलं पुढच्या हप्त्यात भरून काढू."

कारण खरं होतं पण सांगितलं नव्हतं, करारातली "अडलं तर २ दिवसांत" ही ओळ मोडली होती. मंगळवारी बसले. इथं दोन चुका होतात नेहमी, एक तर सगळे दया दाखवून त्याचं काम गुपचूप करून टाकतात अन् मनात राग ठेवतात, नाही तर त्याला काढून टाकायच्या गोष्टी करतात. यांनी काय केलं, शेतातलं १६ तासांचं काम घाटंजीवालीकडे दिलं, ती दोन शनिवार आर्णीला गेली, आर्णीवाल्याच्या बहिणीनं तिला सऱ्या दाखवल्या. अन् तिच्याकडचं रिपोर्ट जुळवण्याचं १६ तासांचं काम एप्रिलमध्ये त्याच्याकडे आलं, तेव्हा गहू निघून गेलेला असतो. वहीत लिहिलं, दोघांच्या सह्या. कोणाचाही वायदा कमी-जास्त झाला नाही.

जर तो आलाच नसता तर? मग तिसरी पायरी, गाईडकडे. जाताना तक्रार नेऊ नका, पान न्या. "सर तो काहीच करत नाही" याच्यावर गाईड काही करू शकत नाही, तो बोलावला की म्हणते मी करून राहिलो ना. पण करारातला वायदा, चार आठवड्यांचे रिकामे रकाने, पाठवलेला मेसेज अन् मिटिंगची तारीख असं समोर ठेवलं की गाईडला निर्णय घेता येतो, वेगळं छोटं काम देता येते, मार्क वेगळे देता येतात. अन् दहाव्या आठवड्याच्या आतच जा. सबमिशननंतर आलेल्या ग्रुपला मी काहीच मदत करू शकलो नाही आजवर.

उलटा प्रकार पण असतो अन् त्याच्यावर कोणी बोलत नाही. एक हुशार पोट्टा सगळं ओढून घेते, कोणाला हात लावू देत नाही, "तुम्हाला नाही जमणार, मी करतो". आमचा दारव्हेवाला तसाच होता. आठव्या आठवड्यात त्याचे ९० पैकी ८१ तास संपलेले अन् कोड कोणालाच कळत नाही. त्याला वाटायचं आपण ग्रुपला वाहून नेतोय. पण जोडीदाराची सही नसल्यामुळे त्याचा एक पण तुकडा "झालेला" नव्हता. मग दोन आठवडे त्यानं नवीन काही लिहायचं नाही, फक्त घाटंजीवालीला चालवायला शिकवायचं असं ठरलं. तोंड पाडून बसला पण केलं.

एकमेकांना गुण

हे दोनदा करायचं, एकदा सहाव्या-सातव्या आठवड्यात सराव म्हणून, एकदा शेवटी. प्रत्येकाला ४० गुण, ते बाकीच्या चौघांत वाटायचे, स्वतःला द्यायचे नाहीत (१३७ आठवते ना). चिठ्ठी बंद करून गाईडकडे. सगळं सारखं असेल तर प्रत्येकाला चौघांकडून मिळून ४० येतात. ज्याला जितके आले त्याला ४० नं भागायचं, तो त्याचा गुणक.

सरावाच्या वेळी आले: नेर ४४, दारव्हा ४३, घाटंजी ४२, दिग्रस ४१, आर्णी ३०. आर्णीवाल्याचा गुणक ०.७५. मी वही काढली. तो लाईटचा भाग सोडला तर त्यानं आठवड्याला ६ चे ६ तास दिले होते. पण लोकांनी त्याला दारव्हेवाल्याच्या १० शी तोललं. मग दुसऱ्या वेळी मी चिठ्ठीवरचा प्रश्नच बदलला, "कोणी जास्त केलं" हे काढून "जेवढं कबूल केलं तेवढं दिलं का, अन् जे दिलं ते चाललं का" असं लिहिलं, अन् प्रत्येक आकड्यापुढे वहीतल्या एका नोंदीची तारीख लिहायला लावली. शेवटी आले: नेर ४२, दारव्हा ४१, दिग्रस ४०, घाटंजी ३९, आर्णी ३८.

आता मार्क. समजा ग्रुपला १०० पैकी ८० पडले. मी गुणक पूर्ण ८० ला लावत नाही, अर्ध्यालाच लावतो, कारण चार पोरांच्या मतावर एखाद्याचं सगळं ठरावं हे मला पटत नाही. म्हणजे ४० सगळ्यांना तसेच, उरलेले ४० गुणिले गुणक. आर्णीवाल्याचा गुणक ३८ भागिले ४०, म्हणजे ०.९५, तर ४० अधिक ३८, झाले ७८. नेरवाल्याचे ८२. सरावाचे आकडे लावले असते तर आर्णीवाला ७० वर अन् नेरवाला ८४ वर गेला असता.

कुठं फसते हे? सगळ्यांनी आधी ठरवून १०-१०-१०-१० लिहिलं की फसते. तसं खरंच असू शकते, पण वहीत एकाचे वीस तास अन् चिठ्ठीत सगळे सारखे असं दिसलं तर मी पाचही जणांना वेगवेगळं बोलावतो. अन् खुन्नस लगेच ओळखू येते, तिघांनी ९-१० दिलेले अन् एकानंच ३, तर त्या एकाला नोंदीची तारीख विचारायची.

अन् हे मार्क खरंच लागू होतील का ते पहिल्याच आठवड्यात गाईडला विचारून घ्या. वायवाचे मार्क एक्स्टर्नल देते, त्याच्यावर तुमच्या चिठ्ठ्यांचा जोर नाही. इंटर्नलमध्ये गाईड वापरू शकते, तेही कॉलेजच्या नियमात बसत असेल तरच.

शेवटी रिपोर्टच्या मागे प्रत्येकाच्या योगदानाचं एक पान जोडा, पाचही सह्यांसकट. "सर्वांनी समान योगदान दिले" हे वाक्य लिहू नका, एक्स्टर्नल ते वाचतच नाही. आर्णीवाल्याचं आमच्याकडं असं होतं: "ठिबकच्या दोन सरीत बसवणी, रोजचं रीडिंग (पाचवा-सहावा आठवडा सोडून, तो घाटंजीकडे), चॅप्टर ५, रिपोर्टची अंतिम जुळवणी. कबूल ५४ तास, नोंद ५२." एक्स्टर्नलनं तो कंस वाचला अन् त्याला पहिला प्रश्न तोच विचारला, ते दोन आठवडे काय झालं होतं. त्यानं गव्हाचं सांगितलं, मग रात्रीची लाईट असताना व्हॉल्व्ह आपोआप कसा चालेल यावर दहा मिनिटं बोलणं झालं, अन् त्याचं उत्तर पाचात फक्त त्यालाच माहीत होतं.